पाचव्या रेसनंतर: एका टिल्टचा हिशेब

दाजींचं रेसबुक माझ्या टेबलावर आहे. पुण्याच्या पावसाळी सीझनमधल्या एका रविवारचं. पहिल्या पाच शर्यतींच्या पानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत: घोड्याच्या नावापुढे टिचकी आणि बाजूला दोन-तीन शब्द, "हलकं वजन", "मागची रेस ओल्या ट्रॅकवर". सहाव्या शर्यतीपासून पेन्सिल नाही. तिथं निळ्या बॉलपेननं गोल केलेत आणि ते इतके दाबून, की मागच्या पानावर बोट फिरवलं तर उठाव हाताला लागतो. समासात तीन आकडे आहेत: ७८०, १७८०, ३६८०.

हे आकडे काय आहेत ते कळायला मला दोन दिवस लागले. कळल्यावर त्या दिवसाचं सगळं प्रकरण उलगडलं.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. निपाणीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी भरून द्यायचं काम. मी पतसंस्थेत हिशेब लिहितो. दाजींना घोड्यांचा नाद बावीस वर्षांचा. सीझनमध्ये महिन्यातून एक-दोन रविवारी पहाटेच्या गाडीनं पुणं गाठायचं, कोल्हापूरचा एक मित्र वाटेत चढणार, दुपारभर रेसकोर्सवर आणि मध्यरात्रीनंतर घरी. घर त्यांनी कधी बुडवलं नाही. म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगं वाटतं. रोज बुडणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी असते. चांगला शिस्तीचा माणूस एका दुपारी कसा पेटतो, खेळणारे ज्याला टिल्ट म्हणतात, हे इथं आकड्यांत दिसतं. दाजींना विचारूनच लिहितोय.

त्या दिवशी खिशात रेससाठी चार हजार होते आणि दर पैज तीनशेची, असं त्यांचं ठरलेलं होतं. कराचा भाग हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवतो. पहिल्या शर्यतीत तीनशे गेले. दुसरीत घोडा मानेच्या अंतरानं दुसरा आला, आणखी तीनशे गेले. तिसरीत प्लेस लावली होती, म्हणजे घोडा पहिला नाही तरी पहिल्या काहींत आला की पैसे मिळणारी पैज, तीनशेचे चारशेवीस आले. चौथी सोडली, कारण शनिवारी रात्री त्या पानावर काही पटलं नव्हतं. म्हणजे चार शर्यतींनंतर तोटा ४८०. असला दिवस दाजींनी शेकड्यानं पाहिलेला.

पाचव्या शर्यतीत त्यांचा घोडा पहिला आला. भाव अडीचचा होता, म्हणजे तीनशेवर साडेसातशे नफा आणि मूळ तीनशे धरून हातात १,०५०. दाजी तिकीट घेऊन खिडकीकडे निघाले आणि लाउडस्पीकरवर ऑब्जेक्शन पुकारलं गेलं. शेवटच्या सरळ पट्ट्यात आडवं आल्याची दुसऱ्या घोड्याच्या जॉकीची तक्रार होती. स्ट्युअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, फिल्म पाहिली, तक्रार मान्य झाली आणि दाजींचा घोडा दुसऱ्या नंबरवर गेला. विनचं, म्हणजे पहिला येण्याच्या पैजेचं, तिकीट रद्दी झालं.

कागदावर पाहिलं तर त्या शर्यतीत गेले तीनशेच. एकूण तोटा ७८०. पण दाजींनी ते १,०५० मनात खिशात घातलेले होते. खिडकीकडे चालताना "आता आपण पुढे आहोत" असं त्यांनी मित्राला सांगितलंही होतं. हातात न आलेले पैसे कुणीतरी काढून घेतले असं त्यांना वाटलं. टिल्टची ठिणगी बहुतेक वेळा रकमेत नसते. आपलं झालेलं, मोजलेलं काही हिसकावलं गेलं, असं वाटण्यात ती असते. तीनशे रुपये सरळ हरले असते तर दाजी चहा पिऊन सहाव्या शर्यतीचं पान उघडून बसले असते, हे त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे.

टिल्ट हा शब्द पोकर खेळणाऱ्यांमधून रूढ झाला, आणि त्यांच्याकडे तो पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्र हलवून गोळी वळवायला गेलं की 'टिल्ट'चा दिवा लागतो आणि यंत्र खेळ बंद करतं. माणसात असा दिवा नाही. उलट दाजी मला म्हणाले, "त्या टायमाला डोकं एकदम साफ होतं रे. इतकं साफ की कुठला घोडा येणार ते दिसालंतं." हे वाक्य मी लिहून ठेवलंय. पेटलेल्या माणसाला आपण पेटलोय असं वाटत नाही, आता सगळं स्पष्ट कळलंय असं वाटतं. म्हणून "राग आला की थांबा" हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. राग आलाय हे त्याला कळणार कसं?

कळतं ते रकमेवरून. आता समासातले आकडे बघा.

सहाव्या शर्यतीआधी तोटा ७८०. दाजींनी फेव्हरेट घोड्यावर एक हजार लावले. भाव शंभराला ऐंशीचा. हजारावर आठशे, म्हणजे ७८० भरून निघाले असते. घोडा हरला. तोटा १,७८०. सातव्या शर्यतीत शंभराला एकशेवीसचा भाव असलेल्या घोड्यावर दीड हजार. त्यावर अठराशे मिळाले असते, म्हणजे १,७८० भरून निघाले असते. वर चारशेचा टनाला, पहिले तीन घोडे क्रमानं सांगायची पैज, जी दाजी एरवी कधी खेळत नाहीत. सगळं गेलं. तोटा ३,६८०. खिशात उरले ३२०.

शेवटच्या शर्यतीच्या पानावर दोन गोल आहेत. पहिला बाराच्या भावाच्या एका आउटसायडरवर, म्हणजे येण्याची आशा कमी पण आला तर बारापट देणाऱ्या घोड्यावर. ३२० गुणिले १२ म्हणजे ३,८४०. त्यांच्याकडे उरलेल्या पैशांत खड्डा बुजवू शकेल असा तेवढाच घोडा होता. मग तो गोल काट मारून खोडलाय आणि फेव्हरेटवर दुसरा केलाय, कारण कोल्हापूरच्या मित्रानं तीन हजार उसने दिले. फेव्हरेटचा भाव सव्वाचा होता. तीन हजारांवर ३,७५०. आणि काढायचे होते ३,६८०.

मला इथं थांबावंसं वाटतं, कारण अख्ख्या प्रकरणाचं मर्म इथं आहे. पाचव्या शर्यतीपर्यंत पैज घोडा बघून लागत होती आणि रक्कम ठरलेली होती. सहावीपासून आधी तोट्याचा आकडा समासात लिहिला गेला, त्या आकड्यानं रक्कम ठरवली आणि त्या रकमेनं घोडा. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये जाऊन घोडा बघणं दाजींनी पाचवीनंतर केलंच नाही. मित्रालाही आठवतं की शेवटच्या तीन शर्यतींत दाजी बसले नव्हते आणि सकाळपासून बांधून आणलेली भाकरी तशीच होती. पण या खुणा दुय्यम. पहिली आणि पक्की खूण एकच: पैजेचा आकडा तोट्याच्या आकड्यातून निघतोय का?

आउटसायडरवरचा तो खोडलेला गोलही समजून घ्यायसारखा आहे. मॅकग्लोथलिन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९५६ साली दाखवलं होतं की दिवस सरत येतो तसा लोकांचा पैसा लांब भावाच्या घोड्यांकडे सरकतो. कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये त्याचा अर्थ लावला: तोटा मनानं स्वीकारला नाही की माणूस एरवी घेतला नसता असा धोका घ्यायला तयार होतो. दाजींच्या पानावर ते अगदी साध्या गणितात दिसतं. खड्डा मोठा होत जातो, हातातले पैसे कमी होत जातात, आणि दोन्ही टोकं जुळवायला लांबचा भाव किंवा उसना पैसा, एवढेच दोन रस्ते उरतात.

यावर दाजींचा एक युक्तिवाद होता आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. "याच्या आधी दोनदा असं केलंतं, दोन्ही येळला पैसे निघालं." खरं आहे. त्या तीन घोड्यांपैकी एक जरी आला असता तरी, टनालाचे चारशे सोडले तर, खड्डा बुजला असता. भाव खरा मानला तर तिन्ही हरण्याची शक्यता साधारण सातात एकदा, आणि भावात बुकीचा आणि क्लबचा हिस्सा असतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच. म्हणजे पाठलाग बहुतेक वेळा यशस्वी होतो! त्यातच सगळी गोम आहे. पाच-सहा वेळा ७८० परत मिळतात आणि माणूस शिकतो की हे जमतं. एकदा फसलं की टनालाचे चारशे सोडूनही वरचे साडेपाच हजार जातात, म्हणजे ७८० च्या सातपट. आधीच्या सगळ्या वसुल्या एका दुपारी बुडतात, आणि तरी आठवणीत राहतात त्या वसुल्याच.

दिवस तिथं संपला नाही. स्वारगेटहून गाडी सुटल्यावर साताऱ्याच्या पुढे कुठंतरी दाजींनी मोबाइलवरून निपाणीतल्या एका ओसीवाल्याला आकडा दिला. मटक्याला आमच्याकडे ओसी म्हणतात, ओपन-क्लोजवरून. बेकायदेशीर धंदा, आणि दाजी एरवी त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. रात्रीच्या क्लोजवर दोन हजार, उधारीवर. तेही गेले. दिवसाचा तोटा ८,६८०. त्यातले ७८० नेहमीच्या खेळात गेलेले, बाकीचे ७,९०० ऑब्जेक्शननंतरचे.

रेसकोर्सवर निदान दोन शर्यतींमध्ये अर्ध्या तासाचं अंतर असतं. फोनवर तेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी पेटलेल्या माणसाच्या हातात फोन असेल तर तो काही ना काही शोधतोच. दाजींना ओसीवाल्याचा नंबर सापडला.

सोमवारी सकाळी दाजी पतसंस्थेत आले. मला म्हणाले, "पाच हजार दे. पुढच्या रविवारी सगळं काढून आणतो." मी म्हटलं, "दाजी, आधी बसा, चहा घ्या." ते बसले नाहीत. रात्रभर झोप झाल्यावरही आकडा तसाच होता. संध्याकाळी आक्काचा फोन आला, "ह्यांचं काय झालंय? दुकानात गिऱ्हाइकावर वरडाल्यात." मंगळवारी संध्याकाळी मी रेसबुक मागून घेतलं आणि आम्ही तिघं बसलो.

पहिल्यांदा आम्ही सगळे करतात तोच उपाय ठरवला: हरल्यावर पाणी प्यायचं, दहा मिनिटं फिरून यायचं, मग पुढची पैज. पुढच्या खेपेला दाजींनी तो प्रामाणिकपणे पाळला. दोन हरल्यावर स्टँडच्या मागं चक्कर मारली. पण चक्कर मारताना डोक्यात सहाशेचा आकडा फिरत होता, आणि परत येऊन त्यांनी तीनशेच्या जागी नऊशे लावले. ती पैज लागली, पैसे निघाले, आणि दाजी खूश होऊन घरी आले. मला मात्र तो दिवस हरलेल्या दिवसापेक्षा वाईट वाटला. उपाय फसला होता आणि बक्षीस मिळालं होतं.

खरा उपाय दाजींच्याच धंद्यातून सुचला. मोटारीच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटर जास्त करंट ओढायला लागली की त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि स्टार्टर ट्रिप होतो. पट्टी गार होऊन सरळ झाल्याशिवाय रिसेट नीट बसत नाही. काही शेतकरी बटण दाबत राहतात, किंवा रिलेची सेटिंग वाढवून ठेवतात, नाहीतर रिलेच काढून सरळ जोडणी करतात. अशा मोटारी दाजींकडे जळालेल्या वाइंडिंगसकट येतात, वार्निशचा करपट वास असतो. मी म्हटलं, "दाजी, गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता?" ते म्हणाले, "ट्रिप झाली की त्या दिवशी मोटर चालू करू नको. का ट्रिप झाली ते आधी बघ." मग स्वतःच गप्प झाले.

त्यावरून दिनक्रम बसला. त्यातली प्रत्येक गोष्ट घरून निघण्याआधी ठरते, कारण रेसकोर्सवर ठरवणारा माणूस कोणत्या अवस्थेत असेल ते आधी माहीत नसतं.

शनिवारी रात्री दाजी पेन्सिलीनं पानं बघतात आणि फार तर चार शर्यती निवडतात. आक्का चार पाकिटांत तीनशे-तीनशे घालते आणि प्रत्येक पाकिटावर शर्यतीचा नंबर आणि घोड्याचं नाव दाजींच्या हातानं लिहिलेलं असतं. परतीचं भाडं शर्टच्या आतल्या खिशात वेगळं. स्मार्टफोन घरी, सोबत बटणांचा साधा फोन. कोल्हापूरच्या मित्राला दाजींनी माझ्यासमोर फोन करून सांगितलं, "मी मागितलं तरी द्यायचं न्हाई. रागवलो तरी न्हाई." मित्र म्हणाला, "मग आधी मागचे तीन हजार दे." ते तीन महिन्यांत हप्त्यानं फिटले, दुकानाच्या गल्ल्यातून.

ट्रिप तीन कारणांनी होते. तीन पाकिटं रिकामी गेली की, समासात तोट्याचा आकडा लिहिला गेला की, किंवा ऑब्जेक्शनसारखं, हातातोंडाशी आलेलं जाणारं काही घडलं की, मग तोटा शंभराचा का असेना. तिसरं कारण दाजींना सुरुवातीला पटत नव्हतं. "एकच पाकीट गेलंय आणि गेटाबाहेर का जायचं?" मी त्यांना पाचव्या शर्यतीचं पान दाखवलं. ट्रिप झाली की उरलेली पाकिटं मित्राच्या हातात आणि दाजी गेटाच्या बाहेर. स्टँडवर बसून "नुसतं बघणं" चालत नाही. बाहेर जेवायचं आणि लवकरची गाडी पकडायची. त्या दिवशी रिसेट नाही, पुढच्या शर्यतीत कितीही खात्रीचा घोडा असला तरी नाही.

त्यानंतर दोन रात्री काहीही ठरवायचं नाही. ना पुढचा रविवार, ना उसनवारी, ना वसुलीचं गणित. दोन रात्रींचं माप दाजींचं आहे. सोमवारी ते पाच हजार मागत होते, मंगळवारी संध्याकाळी नव्हते, म्हणून दोन. दुसऱ्या कुणाला चार लागतील. दिवस मोजून पास करायचं नाही, चाचणी घ्यायची.

मंगळवारी संध्याकाळी दाजी शंभर पानी वहीत त्या दिवसाचा हिशेब उतरवतात. रकाने तीनच: किती लावले, कधी ठरवलं, का. "कधी" मध्ये "शनिवारी रात्री" नसेल तर ती ओळ लाल. मग मला वाचून दाखवतात. मोठ्यानं वाचताना "हजार, आठशे मिळाले असते म्हणून" हे तोंडातून काढणं जड जातं, आणि ते जड जाणं कामाचं आहे.

आणि मग हिशेबनिसाचं काम. दाजींच्या मनातल्या वहीत ते ८,६८० 'येणे' या बाजूला लिहिलेले होते. जणू रेसकोर्सकडे त्यांची उधारी आहे आणि ती वसूल करायला पुढच्या रविवारी जायचंय. पतसंस्थेत आम्हालाही हा मोह होतो: बुडीत कर्ज येण्याच्या बाजूलाच ठेवायचं आणि ताळेबंद छान दाखवायचा. पण ज्याच्याकडून येणार नाही ते येणे नसतं. वहीत ती रक्कम खर्चाच्या बाजूला, तारीख घालून, दाजींच्या सहीनं लिहिली जाते. सिनेमाचं तिकीट काढलं तर ते पैसे आपण थिएटरकडून वसूल करायला जात नाही. या एका नोंदीला मी सगळ्या दिनक्रमात जास्त महत्त्व देतो.

चाचणी एका प्रश्नाची. मी विचारतो, "दाजी, पुढच्या खेपेला किती?" उत्तर "तीनशे-तीनशेची चार" असेल तर पट्टी गार झाली. उत्तरात मागच्या तोट्याचा आकडा आला, "निदान अडीच हजार तरी निघाले पाहिजेत" असं काही, तर अजून गरम. आवाज शांत आहे की नाही याला मी किंमत देत नाही, आकडा ऐकतो. ट्रिप झालेल्या दिवसानंतरचा रेसचा दिवस तसाही सोडायचा, चाचणी पास झाली तरी. आणि परतल्यावर पैज तीनशेचीच. कमी-जास्त काही नाही, "आता समजलंय म्हणून पाचशे" तर नाहीच.

या पद्धतीनं दाजी त्या सीझनमध्ये आणखी चारदा गेले. दोनदा ट्रिप झाली. पहिल्यांदा सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मित्रानं मला नंतर सांगितलं की दाजी गेटाबाहेर टपरीपाशी पाऊण तास उभे होते आणि आतून लाउडस्पीकरचा आवाज यायचा तेव्हा मान फिरवायचे. दुसऱ्यांदा पद्धत मोडली. रेसकोर्सवरून ते वेळेत निघाले, पण निपाणी स्टँडवर उतरल्यावर ओसीवाल्याचा माणूस समोर भेटला आणि भाड्यातून उरलेल्या पाचशेचा आकडा लावला गेला. आम्ही फोनचा रस्ता बंद केला होता, पायाचा नाही. तेव्हापासून माझा मुलगा गाडी घेऊन त्यांना स्टँडवर आणायला जातो. दाजींना हे लाजिरवाणं वाटलं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, पण नको म्हणाले नाहीत.

या दिनक्रमानं काय होत नाही तेही सांगायला हवं. खेळ फायद्याचा होत नाही. रेसवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, आणि तो नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. क्लबचा आणि बुकीचा हिस्सा वेगळा. गार डोक्यानं खेळणारा माणूसही लांबच्या पल्ल्यात हरतो. त्या रविवारच्या हिशेबात सांगायचं तर ७,९०० वाचू शकतात, ७८० नाहीत.

आणि काही जणांसाठी हा दिनक्रम पुरा पडत नाही, तिथं तो करत बसणं धोक्याचं आहे. तोटा काढायला दुसऱ्या एखाद्या दिवशी वारंवार परत जाणं हे २०१३ पासून मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकन निकषांत जुगाराच्या व्यसनाच्या नऊ लक्षणांपैकी एक आहे. वर्षभरात चार लक्षणं दिसली तर निदान होऊ शकतं. घरात खोटं सांगणं, पैशासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणं, तीच मजा यायला रक्कम वाढवत जाणं, थांबायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं ही त्यातली आणखी काही. आमच्या भागातून धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था जवळ आहे, आणि मानसिक आरोग्याच्या मदतीचा टेलिमानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आणि मोफत आहे. मी आक्काला दोन्ही लिहून दिलेत. ट्रिप तीनदा मोडली तर पाकिटं बंद आणि धारवाडला जायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर दाजींनी स्वतः लिहिलंय. सध्या एकदा मोडलीय.

यंदा जूनमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, दाजी दुकानात एका मोटारीत तार भरत बसले होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तार हातात तशीच धरून ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला खोटं कशाला सांगू? तीनशे म्हणणार होतो. पर डोक्यात अजून आठ हजार सहाशे ऐंशीच हाय." मी वहीत तारीख घालून ते उत्तर लिहून घेतलं. जुलैच्या रविवारी दाजी निपाणीतच होते.